माझ्याच रंगाची पावडर

ताईच्या लग्नाचा अल्बम आमच्याकडे टीव्हीखालच्या कपाटात असतो. पाहुणे आले की तो बाहेर निघतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग चाळला की एक गोष्ट लक्षात येते. सकाळी गौरीहरापाशी बसलेली ताई गव्हाळ आहे. होमाच्या वेळी ती जराशी फिकी झालीय. आणि पाठवणीच्या फोटोत तर तिचा चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा दिसतो. गळा आणि हात मात्र सकाळचेच आहेत.

झालं असं होतं की मेकअप करणारी बाई मुहूर्ताआधीच निघून गेली होती. लग्नसराईत तिला त्याच दिवशी दुसरी नवरी होती आणि तसं तिने आधीच सांगितलं होतं. मग दिवसभर ताईला घाम आला की कुणीतरी धावत यायचं. कधी मामी, कधी आत्या, कधी शेजारची काकू. ज्याच्या पर्समध्ये जी पावडर असेल ती ताईच्या चेहऱ्यावर थापली जायची. सगळ्यांचा हेतू चांगला होता. सगळ्यांच्या पावडरी मात्र ताईपेक्षा दोन-तीन छटा उजळ होत्या.

या मे महिन्यात माझं लग्न ठरलं, हातखंब्याच्याच एका हॉलवर. म्हणजे एका बाजूला मुंबई-गोवा महामार्ग, रस्त्याची धूळ, समुद्राकडून येणारी चिकट हवा आणि डोक्यावर पत्र्याचा मांडव. मी ठरवलं की माझा टच-अपचा किट मी स्वतः घेणार. आई म्हणाली, "तीन हजारांच्या वर जाऊ नकोस." मी डी.फार्म. करून रत्नागिरीत औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे लेबल वाचायची सवय आहे. पण मेकअपमधलं मला काजळ आणि लिपस्टिकपलीकडे फारसं कळत नव्हतं. जे कळलं ते त्या दीड महिन्यात.

माझी पहिली यादी चुकलीच. मी ऑनलाइन शोधून फाउंडेशन, प्रायमर, ब्लश, हायलायटर, मस्कारा असं सगळं लिहून काढलं होतं. बेरीज साडेसहा हजार झाली. मग एका दुपारी गिऱ्हाईक नसताना मी यादी बाजूला ठेवली आणि वहीत लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक लिहिलं. मला आरशासमोर बसायला खरोखर कधी मिळणार आहे? उत्तर आलं, चारदा. गौरीहरावरून उठून मामा बोहल्यावर नेतो त्याआधी पाच मिनिटं. होम आणि सप्तपदी झाल्यावर शालू नेसताना पंधरा मिनिटं. जेवणानंतर, घास भरवून झाल्यावर, पाच मिनिटं. आणि पाठवणीच्या आधी, मिळालीच तर दोन.

प्रत्येक वेळेसमोर मी लिहिलं की तोपर्यंत चेहऱ्यावर काय झालेलं असेल. पहिल्या वेळी घाम. दुसऱ्या वेळी धुराने आलेलं डोळ्यांतलं पाणी आणि कपाळावरून सांडलेलं कुंकू. तिसऱ्या वेळी तूप. चौथ्या वेळी रडणं. हे लिहिल्यावर लक्षात आलं की चारही वेळा मला चेहऱ्यावर काही लावायच्या आधी चेहऱ्यावरून काहीतरी काढायचं आहे. ताईच्या वेळी नेमकं हेच कुणी केलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त वर लावलं. यादीतून फाउंडेशन, ब्लश आणि हायलायटर तिथेच गेले. मस्काराही गेला, कारण सुकलेल्या पापण्यांवर पुन्हा लावला की गुठळ्या होतात. तो सकाळीच वॉटरप्रूफ लावून घ्यायचा आणि विसरून जायचं.

घामापासून सुरुवात करते. कोकणात मे महिन्यात घाम येतो तो सुकत नाही, कारण हवेतच एवढं पाणी असतं की घामाचं पाणी उडून जायला जागा नसते. तो चेहऱ्यावर थेंबांनी उभा राहतो. अशा ओल्या चेहऱ्यावर पावडर लावली की तिचा चिखल होतो, आणि तो सुकला की डाग पडतो. त्यामुळे आधी टिपायचं. पण घाम आणि तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेकअपच्या दुकानात मिळणारा ब्लॉटिंग पेपर तेलासाठी असतो. घामासाठी साधा टिश्यू पेपर बरा. त्याचे पदर सोडवून एकच पदर घ्यायचा, चेहऱ्यावर ठेवायचा, तळव्याने दहा सेकंद दाबायचा आणि उचलायचा. पुसायचं नाही, कारण पुसलं की खालचा बेसही निघतो. चेहऱ्यावर घाम आहे की तेल हे कळत नसेल तर तोच टिश्यू पंख्याखाली धरायचा. डाग सुकून गेला तर घाम होता. पारदर्शक डाग तसाच राहिला तर तेल. मी हा प्रयोग दुकानातून एसटीने घरी आल्यावर आठवडाभर केला. माझं कपाळ घामाचं निघालं, नाक आणि हनुवटी तेलाची. म्हणून टिश्यूची दोन पाकिटं घेतली आणि ब्लॉटिंग पेपरचं एक. हे तिन्ही मिळून दोनशे रुपये. किटमधली सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत जास्त वापरलेली.

आता पावडर. हीच खरेदी सर्वांत अवघड होती, कारण तिथे मेकअपच्या आधी माणसं येतात.

कॉम्पॅक्ट घ्यायला मी आणि आत्या राम आळीत गेलो. दुकानातल्या मुलीने माझ्याकडे न बघताच एक डबी पुढे केली. नवरीसाठी सगळे हीच छटा नेतात, म्हणाली. आत्याने ती माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितली. "बघ गो बाय, कशी उजळ दिसत्येय!" मनगटाची आतली बाजू चेहऱ्यापेक्षा गोरीच असते, तिथे काहीही जुळतं. मी ती डबी आणि तिच्यापेक्षा गडद अशा दोन डब्या घेऊन दुकानाच्या पायरीवर आले. जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा संपून मान सुरू होते, तिथे तीन पट्टे ओढले आणि पंधरा मिनिटं थांबले. थांबायचं कारण असं की त्वचेच्या तेलात मिसळल्यावर बऱ्याच छटा थोड्या गडद होतात, दुकानात लगेच दिसतो तो रंग खरा नसतो. मग फोनचा फ्लॅश लावून आत्याला फोटो काढायला सांगितला. उघड्यावर जो पट्टा दिसेनासा होतो तो आपला. फोटोत पहिला पट्टा खडूने ओढल्यासारखा चमकत होता. मधला जवळपास दिसतच नव्हता.

फ्लॅशचा फोटो काढायचं आणखी एक कारण आहे. काही अगदी बारीक पांढऱ्या पावडरींमध्ये सिलिका असते. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण फ्लॅशचा उजेड ती सरळ परत फेकते आणि फोटोत चेहऱ्यावर पांढरे ढग उमटतात. सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडने आणि टायटॅनियम डायऑक्साइडनेही तसं होऊ शकतं. ताईच्या अल्बममधल्या पांढरेपणात उजळ पावडरीचा वाटा किती आणि फ्लॅशचा किती, हे आता सांगता येणार नाही. दोन्ही असावेत.

आत्या परतीच्या वाटेवर गप्प होती. कुवारबाव गेल्यावर म्हणाली, "एक छटा वर घेतली असतीस तर काय बिघडलं असतं? लग्नाच्या दिवशी तरी." तिचा राग नाही आला. तिच्या आईच्या काळात अफगाण स्नो होता, तो १९१९ पासून मुंबईत बनायचा. तिच्या स्वतःच्या काळात १९७५ साली फेअर अँड लव्हली आली. त्या क्रीमच्या नावातला गोरेपणा जायला २०२० साल उजाडलं, आणि डोक्यातला जायला त्याहून वेळ लागणार. मी तिला एवढंच म्हटलं, "आत्या, वर घेतली तरी मान माझीच राहणार ना?"

पण कॉम्पॅक्ट जुळून भागत नव्हतं. सकाळी चेहऱ्यावर बेस लावणार होती मेकअप आर्टिस्ट. तिने उजळ बेस लावला असता तर माझी जुळलेली पावडर त्यावर डागासारखी दिसली असती. टच-अपची पावडर त्वचेशी नाही, सकाळच्या बेसशी जुळावी लागते. म्हणजे ते दोन्ही एकच रंग असायला हवेत, आणि तो रंग माझा असायला हवा. म्हणून लग्नाच्या महिनाभर आधी ट्रायलला जाताना मी डबी सोबत नेली. अर्धा चेहरा झाल्यावर मी म्हटलं, "ताई, बेस या रंगाला जुळवाल का?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "फोटोत डार्क येईल हं. नंतर घरचे मला बोलतात." मग मी अंगणात जाऊन फ्लॅशचा फोटो काढून आणला. एका बाजूला त्यांचा बेस, दुसऱ्या बाजूला माझा गाल. त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या आणि दोन बाटल्या एकत्र करून नवा रंग बनवला. डबीच्या झाकणावर त्यांनीच मार्करने त्या मिश्रणाचे आकडे लिहून ठेवले. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही आजवर कुणी वेगळं मागितलं नव्हतं.

लिपस्टिकचा धडा मला घरच्या वरणभाताने दिला. चोवीस तास टिकणारी म्हणून मी एक लिक्विड लिपस्टिक घेतली होती. ती कशी टिकते तर तिच्यातला पातळ द्रव उडून जातो आणि ओठांवर रंगाचा एक पातळ पापुद्रा राहतो. पाण्याला तो दाद देत नाही. कपावर डाग पडत नाही. म्हणून मी एका रविवारी ती लावली आणि जेवायला बसले. वरणभातावर तूप घेतलं. चौथ्या घासाला ओठांच्या आतल्या कडेने पापुद्रा सुटायला लागला. तेल आणि तूप त्याला विरघळवतं. लग्नाच्या पंगतीत मसालेभात आहे, त्यावर तूप आहे, जिलेबी आहे, शिवाय उखाणा घेऊन भरवलेले घास आहेत. आणि अर्धवट सुटलेल्या पापुद्र्यावर तीच लिपस्टिक पुन्हा लावली की कण कण दिसतात.

अमेरिकेत हेझल बिशप नावाच्या रसायनतज्ज्ञ बाईने १९५० मध्ये न पसरणारी लिपस्टिक बाजारात आणली. तिची युक्ती अशी की वर पापुद्रा ठेवण्यापेक्षा रंग ओठांच्या त्वचेतच उतरू द्यायचा. मी त्यातलं माझ्यापुरतं सोपं करून घेतलं. लिप लायनर पेन्सिल फक्त कडेला न फिरवता पूर्ण ओठांवर भरायची, टिश्यूने दाबायची, आणि वर त्याच रंगाची साधी मॅट कांडी. कांडी तुपाने गेली तरी खाली पेन्सिलचा रंग बराचसा राहतो, त्यामुळे ओठ एकदम उघडे पडत नाहीत. किटमध्ये पेन्सिल आणि कांडी, दोन्ही मिळून नऊशे रुपये. आणि औषधाच्या छोट्या बाटलीत चमचाभर खोबरेल. जेवणानंतर आधी बडवर खोबरेल घेऊन ओठ पूर्ण साफ करायचे, तेल टिपायचं, मग नव्याने लावायचं. ते तेल टिपायला विसरलं तर नवीन रंग तासभरही राहत नाही, हेही मी एका रविवारी शिकले.

काजळाबद्दल माझा समज होता की ते पाण्याने पसरतं. वॉटरप्रूफ काजळ पाण्याने फारसं पसरत नाही. ते डोळ्यांखालच्या तेलाने आणि क्रीमने पसरतं. म्हणून डोळ्यांखाली सकाळी पावडर हवी, आणि किटमध्ये टोकदार कापसाचे बड. बड घासायचा नाही, जागेवर गोल फिरवत उचलायचा. होमाचा धूर डोळ्यांत गेला तर पाणी गालावर यायच्या आधी टिश्यूचा कोपरा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी धरायचा, ते आपोआप शोषलं जातं. काजळाची पेन्सिल नवी घेतली आणि करवलीला बजावलं की ती कुणाला द्यायची नाही. लग्नाच्या खोलीत एक काजळ दहा डोळ्यांत फिरतं आणि डोळे आले तर दहा जणींना येतात.

कुंकवाचा विचार कुठल्याच यादीत नव्हता, तो मला ताईने सांगितला. ओटी भरताना प्रत्येक सवाष्ण कुंकू लावते आणि त्यातलं निम्मं नाकावर सांडतं. ओल्या रुमालाने पुसलं की नाकाचं शेंड्यापर्यंत लाल होतं. त्यावर उपाय एकच, कोरडा, मऊ, मोठा ब्रश. तो अगदी हलक्या हाताने झटकायचा. दोनशे रुपयांचा ब्रश घेतला, त्याला दुसरं कसलंच काम दिलं नाही.

खरेदी मी सहा आठवडे आधी संपवली. प्रत्येक वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख बघितली. ही माहिती आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे छापावीच लागते, आणि नकली मालावर बहुतेक वेळा यातलंच काहीतरी पुसट किंवा गायब असतं. डबीवर उघड्या झाकणाच्या चित्रात १२ एम असं दिसलं तर उघडल्यापासून बारा महिने. मग प्रत्येक नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली. एका कन्सीलरने खाज आली. तो बदलून दुसरा घेतला, चारशेचा. सगळं धरून बेरीज २,८५० झाली.

सेटिंग स्प्रे घेतला नाही. मेकअप आर्टिस्ट सकाळी मारणारच होत्या. त्यातली रसायनं सुकल्यावर चेहऱ्यावर जाळीसारखा थर धरतात, पण तो कोरड्या चेहऱ्यावरच. घामावर मारला तर घामच आत कोंडतो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळद झाली. हळद उतरवताना मी आधी चेहऱ्याला तेल चोळलं, मग टिपलं, आणि साबण सगळ्यात शेवटी. हळदीचा पिवळेपणा तेलात विरघळतो. साबण मात्र अल्कली असतो आणि अल्कली लागली की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच कारणाने. तेल न लावता साबण चोळला असता तर सकाळी बेसखाली तांबूस डाग निघाले असते आणि माझी जुळवलेली डबी वाया गेली असती.

दिवस ठरल्यासारखा गेला, असं नाही. करवली माझी चौदा वर्षांची मामेबहीण. तिला मी आठवडाभर आधी सगळं करून दाखवलं होतं. आधी टिप, मग थांब, मग पावडर, तीही दाबून, फिरवून नाही. किट गाडीत ठेवायचा नाही, हे दहादा सांगितलं होतं, कारण उन्हातल्या बंद गाडीत लिपस्टिकची कांडी वितळते. तिने तो दिवसभर करवलीच्या कऱ्ह्याएवढाच जपला. तरी मुंडावळ्यांनी घात केला. त्यांच्या दोऱ्याखाली कपाळावर घाम साचला आणि सोडल्यावर एक आडवी रेघ उमटलेली दिसली, तिथला बेसच उचलला गेला होता. मी कन्सीलरने ती भरायला गेले तर ती अधिक ठळक झाली. शेवटी टिश्यूने सगळं टिपलं आणि सोडून दिलं. बेस निघालेल्या जागी लहान किटमधून नवा बेस करता येत नाही, आजूबाजूशी तो मिसळत नाही. ती रेघ फोटोत आहे.

पाठवणीला मात्र ज्याची भीती होती ते झालंच. मी रडत होते आणि आमच्या एक दूरच्या काकू पर्समधून गुलाबी डबी काढत पुढे आल्या. माझ्या मामेबहिणीने मधे हात धरला. "थांबा हां काकी. आधी टिपायचं असतं." तिने टिश्यू माझ्या गालावर ठेवला आणि दहा आकडे मोजले. मोठ्याने. मोजता मोजता ती स्वतः रडायला लागली, पण दहापर्यंत मोजले.

परवा अल्बम आला. माहेरी गेले तेव्हा ताईने दोन्ही अल्बम शेजारी ठेवून उघडले. माझ्या अल्बममध्ये कपाळावर रेघ आहे, नाक लाल आहे, डोळे सुजलेत. पण पहिल्या पानावरची आणि शेवटच्या पानावरची मुलगी एकच आहे. ताईने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "ती डबी संपली नसेल ना अजून? झाकणावरचा नंबर मला पाठव. माझाही रंग तोच आहे."